आत गेले, हे कळले कसे?

दोन वर्षांपूर्वी पावसाळ्याच्या तोंडावर आम्ही तिघे सहकारी शहापूरला विज्ञान शिक्षकांच्या दोन दिवसांच्या वर्गासाठी गेलो होतो. पुढचा आठवडा मुरबाडचा होता. बारावीच्या पुस्तकात जनुक अभियांत्रिकीवर एक प्रकरण आहे, ते प्रयोगाशिवाय शिकवायचे कसे, हा विषय. आमच्या पिशवीत प्रयोगशाळेचे सामान नव्हते, कारण असे जीवाणू तयार करायला भारतात १९८९ च्या नियमांखाली संस्थेची समिती आणि परवानगी लागते. शाळेत ते करता येत नाही. आम्ही नेले होते ते कागदाच्या रंगीत पट्ट्या, कात्री आणि डिंक.

पहिल्या दिवशी सगळे सुरळीत झाले. लाल पट्टीचे कडे म्हणजे प्लाझ्मिड, निळी पट्टी म्हणजे हवे असलेले जनुक. कात्री म्हणजे रेस्ट्रिक्शन एन्झाइम, डिंक म्हणजे लायगेज. कापले, चिकटवले, निळा तुकडा लाल कड्यात बसला. आम्ही मनातून खूश होतो. मुरबाडला मात्र मागच्या बाकावरच्या एका बाईंनी विचारले, "सर, कागदाला रंग आहे म्हणून आम्हाला निळा तुकडा दिसला. नळीत तर सगळे पाण्यासारखे दिसणार. मग तो आत गेला हे कळले कसे?"

खरा प्रयोग या प्रश्नाशी सुरू होतो. कापणे आणि चिकटवणे हा त्यातला सोपा भाग आहे. त्या दिवशी उत्तर देताना आम्हाला १९७३ सालात जावे लागले. तेच इथे थोडे सविस्तर सांगतो.

आधी कात्रीविषयी. जीवाणूंवर जगणारे विषाणू असतात, आणि परक्या विषाणूचा डीएनए आत शिरला तर तो तोडून टाकणारी एन्झाइम काही जीवाणूंत असतात. स्वतःच्या डीएनएवर तीच जागा जीवाणू एका मिथिल गटाने झाकून ठेवतो, त्यामुळे घरचे कापले जात नाही. विषाणूच्या वाढीवर असा निर्बंध येतो, हे १९५० च्या दशकात लक्षात आले होते. म्हणून नाव रेस्ट्रिक्शन एन्झाइम. वर्नर आर्बर यांनी त्याचा उलगडा केला, आणि १९७० मध्ये हॅमिल्टन स्मिथ यांनी एका ठरावीक अक्षरक्रमावरच कापणारे एन्झाइम वेगळे काढले. आपल्या गोष्टीतले एन्झाइम त्यानंतरचे, सॅन फ्रान्सिस्कोला हर्बर्ट बॉयर यांच्या प्रयोगशाळेतले. त्याचे नाव इको-आर-वन. डीएनएवर GAATTC हा क्रम जिथे येईल तिथे ते असे कापते:

```
5'-...G        AATTC...-3'
3'-...CTTAA        G...-5'
```

दोन्ही धागे एकाच रेषेत कापले जात नाहीत, हे इथे पाहायचे. शहापूरला निम्म्या गटांनी पट्टी सरळ कापली होती, आणि मग डिंक लावूनही कुठला तुकडा कुठे बसवायचा ते ठरेना. तिरके कापले की प्रत्येक टोकाला चार अक्षरांचे मोकळे शेपूट राहते, AATT. दुसऱ्या कोणत्याही डीएनएचे याच एन्झाइमने कापलेले टोक त्याच्याशी जुळते, मग तो डीएनए जीवाणूचा असो वा बेडकाचा. असे का, हे मुलांना सांगायला "ती होडी जाडी होती" हे वाक्य उपयोगी पडते. उलटसुलट वाचले तरी तेच. डीएनएमध्ये फरक इतकाच की उलटे वाचायचे ते समोरच्या धाग्यावर. वरच्या धाग्यावर डावीकडून GAATTC, खालच्या धाग्यावर उजवीकडूनही GAATTC. जेनेट मर्ट्झ आणि रोनाल्ड डेव्हिस यांनी १९७२ मध्ये ही चिकट टोके दाखवून दिली.

चिकट शब्दाने मात्र फसू नये. चार जोड्यांची ती पकड फार कच्ची असते. उबेत टोके धरतात आणि सुटतात. म्हणून जोडकाम थंडाव्यात, बारा ते सोळा अंश सेल्सिअसला करतात. टोके एकमेकांना धरून असतानाच लायगेज हे एन्झाइम साखर आणि फॉस्फेट यांच्या कण्यातली फट कायमची सांधते. हे लायगेज बहुधा टी-फोर नावाच्या विषाणूपासून मिळवलेले असते, आणि कामाला त्याला एटीपी आणि तुकड्याच्या टोकाला फॉस्फेट लागतो. हा फॉस्फेट लक्षात ठेवावा, पुढे तो कामाला येणार आहे.

आता दुसरे गृहस्थ, स्टॅनफर्डचे स्टॅन्ली कोहेन. (१९८६ चे नोबेल मिळालेले स्टॅन्ली कोहेन वेगळे. वर्गात ही चूक हमखास होते, आमच्या हातूनही एकदा झाली आहे.) कोहेन वैद्यकातून आलेले. रुग्णालयातले जीवाणू एकदम तीन-चार औषधांना दाद देईनासे का होतात, हा त्यांचा प्रश्न होता. हा गुण जीवाणूच्या मुख्य गुणसूत्रावर नसून छोट्या, गोल, एका जीवाणूतून दुसऱ्यात जाणाऱ्या डीएनएवर म्हणजे प्लाझ्मिडवर असतो, हे जपानमध्ये हगवणीच्या जीवाणूंवर काम करणाऱ्यांनी आधी ओळखले होते. प्लाझ्मिड एकेक करून अभ्यासायचे तर ते पुन्हा जीवाणूत घालता यायला हवे. १९७२ मध्ये कोहेन, ॲनी चँग आणि लेस्ली सू यांनी ते जमवले. इ. कोलाय जीवाणू बर्फावर कॅल्शियम क्लोराइडच्या द्रावणात ठेवायचे, त्यात प्लाझ्मिड मिसळायचे आणि मग थोडा वेळ बेचाळीस अंशांचा उष्ण झटका द्यायचा. बहुतेक जीवाणूंत काहीच शिरत नाही. हजारांत एखाद्यात शिरले तरी चांगले म्हणायचे.

त्याच वर्षी नोव्हेंबरात होनोलुलूला प्लाझ्मिडवर जपानी आणि अमेरिकी शास्त्रज्ञांची बैठक भरली. तिथे एका संध्याकाळी खाण्याच्या टेबलावर बॉयर आणि कोहेन यांचे बोलणे झाले. एकाकडे कात्री होती, दुसऱ्याकडे जीवाणूत शिरणारे कडे आणि ते शिरवण्याची रीत. पुढचे काही महिने ॲनी चँग दोन्ही प्रयोगशाळांमध्ये नळ्यांची ने-आण करीत. दोन गावांतले अंतर साधारण शहापूरहून ठाण्याला जावे इतके.

आता प्रयोग. कोहेन यांच्याकडे पीएससी-१०१ नावाचे लहान प्लाझ्मिड होते. त्यावर टेट्रासायक्लिनला तोंड देणारे जनुक होते, आणि इको-आर-वन त्याला एकाच जागी कापत असे. हा योग फार मोलाचा, कारण दोन जागी कापले गेले असते तर कड्याचे तुकडेच झाले असते. एका जागी कापले की कडे उघडते, सगळे अवयव शाबूत राहतात, आणि सुदैवाने ती जागा टेट्रासायक्लिनच्या जनुकात किंवा प्लाझ्मिडची प्रत काढणाऱ्या भागात नव्हती. दुसरे प्लाझ्मिड पीएससी-१०२. त्यावर कानामायसिनला तोंड देणारे जनुक होते, आणि हे एन्झाइम त्याचे तीन तुकडे करीत असे.

(पीएससी-१०१ कुठून आले, याची एक गंमत आहे. एका मोठ्या प्लाझ्मिडचा तुटलेला भाग असा आधी समज होता. तो समज चुकीचा होता, ते साल्मोनेला जातीच्या जीवाणूतले एक स्वतंत्र प्लाझ्मिड आहे, असे खुद्द कोहेन आणि चँग यांनीच १९७७ मध्ये छापून सांगितले. नावातला "एससी" कोहेन यांच्याच नावातला.)

दोन्ही प्लाझ्मिडे एकत्र केली, कापली, लायगेजने जोडली, जीवाणूंना दिली. मग जीवाणू अशा ताटलीवर पसरले की जिच्या खाद्यात टेट्रासायक्लिन आणि कानामायसिन दोन्ही होते. ज्याच्याकडे दोन्ही जनुके नाहीत तो मरणार. वसाहती उगवल्या.

मुरबाडला इथपर्यंत आलो तेव्हा एक गुरुजी म्हणाले, "झाले की मग. आमच्या म्हशाच्या जत्रेत बैल ओळखायला शिंगाला रंग लावतात, इथे दोन रंग दिसले. आत गेले." त्या बाई लगेच म्हणाल्या, "दोन रंग एकाच बैलावर आहेत कशावरून? एकाच दाव्याला दोन बैल असतील."

बाईंची शंका अगदी बरोबर होती. दोन्ही औषधांत जगणाऱ्या जीवाणूत दोन वेगवेगळी प्लाझ्मिडे शेजारी शेजारी असू शकतात. कोहेन आणि सहकाऱ्यांनी ही शक्यता तपासून पाहिली होती. दोन्ही प्लाझ्मिडे न कापता नुसती मिसळून दिली, तरी दोन्ही औषधांत जगणाऱ्या काही वसाहती मिळाल्या. दुसरी गोष्ट त्याहून चमत्कारिक. कापलेले मिश्रण लायगेज न घालता दिले, तरीही काही वसाहती उगवल्या. कारण जीवाणूचे स्वतःचेही लायगेज असते. चिकट टोके एकमेकांना धरून आत गेली की आतली फट तो सांधतो. लायगेज घातल्यावर दोन्ही औषधांत जगणाऱ्या वसाहती वाढल्या, हे खरे, पण ताटलीवरून एवढेच कळते की दोन्ही जनुके पेशीत आहेत. ती एकाच कड्यावर आहेत, हे ताटली सांगू शकत नाही.

म्हणून अशा वसाहतीतून प्लाझ्मिड पुन्हा बाहेर काढले. सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून पाहिले तर दोन आकारांची प्लाझ्मिडे न दिसता एकच, पीएससी-१०१ पेक्षा मोठे प्लाझ्मिड दिसले. तेच इको-आर-वनने पुन्हा कापून अगरोजच्या जेलमध्ये विजेने धाववले. लहान तुकडे पुढे पळतात, मोठे मागे राहतात. दोन पट्टे आले. एक बरोबर पीएससी-१०१ च्या जागी, दुसरा पीएससी-१०२ च्या तीन तुकड्यांपैकी एकाच्या जागी. उरलेले दोन तुकडे नव्हतेच. शेजारी शेजारी दोन प्लाझ्मिडे असती, तर पीएससी-१०२ चे तिन्ही पट्टे दिसायला हवे होते. या नव्या कड्याला पीएससी-१०५ नाव मिळाले आणि निबंध १९७३ च्या नोव्हेंबरात अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या नियतकालिकात आला. लेखक चार: कोहेन, चँग, बॉयर आणि रॉबर्ट हेलिंग. आमच्या मते त्या निबंधाचे खरे वजन दोन औषधांच्या ताटलीत नाही, त्या जेलच्या पट्ट्यांत आहे. पाठ्यपुस्तकात नेमके तेच गळते.

इथे एक अडचण उरली होती. ज्या जनुकाने जीवाणूला कोणतेच औषध पचत नाही, ते शोधायचे कसे? पुढच्याच वर्षी, १९७४ मध्ये, जॉन मॉरो आणि वरील मंडळींनी आफ्रिकी बेडकाचा रायबोसोमचा डीएनए पीएससी-१०१ मध्ये घातला. बेडकाचे जनुक औषधाला तोंड देत नाही. म्हणून टेट्रासायक्लिनवर उगवलेल्या वसाहती एकेक घेऊन प्रत्येकीचे प्लाझ्मिड कापून पाहावे लागले. अनेकींमध्ये नुसतेच बंद झालेले रिकामे कडे होते. उघडलेल्या कड्याची दोन्ही टोके एकमेकांजवळच असतात. परका तुकडा येण्याआधी ती आपसातच जुळतात.

यावर १९७७ मध्ये बॉयर यांच्याच प्रयोगशाळेत एक फार सुंदर तोड निघाली, पीबीआर-३२२ नावाचे प्लाझ्मिड. "बी" आणि "आर" ही ते बांधणाऱ्या बोलिव्हार आणि रॉड्रिगेझ यांची आद्याक्षरे. लांबी ४३६१ अक्षरजोड्या. त्यावर दोन जनुके आहेत, एक ॲम्पिसिलिनसाठी आणि एक टेट्रासायक्लिनसाठी. गंमत ही की बॅम-एच-वन हे एन्झाइम त्याला टेट्रासायक्लिनच्या जनुकाच्या मध्येच, आणि फक्त तिथेच, कापते. तिथे परका तुकडा बसला की ते जनुक मोडते. म्हणजे इथे शोधायचा तो टेट्रासायक्लिनवर मरणारा जीवाणू.

मेलेला जीवाणू हाती कसा लागणार? यासाठी जोशुआ आणि एस्थर लेडरबर्ग यांची १९५२ ची युक्ती वापरतात. मूळ ताटलीवर ॲम्पिसिलिन असते. तिच्यावरच्या वसाहतींचा ठसा मखमलीच्या तुकड्यावर घ्यायचा आणि तोच ठसा टेट्रासायक्लिनच्या ताटलीवर उठवायचा, नकाशा न हलवता. जिथे दुसऱ्या ताटलीवर रिकामी जागा, तिथली वसाहत पहिल्या ताटलीवर जिवंत आहे. ती उचलायची.

हे आकड्यांसह एकदा करून पाहू. मुरबाडला आम्ही फळ्यावर हेच उदाहरण घेतले. समजा १००० अक्षरजोड्यांचे एक जनुक आहे, दोन्ही टोकांना बॅम-एच-वनच्या जागा आहेत, आणि मध्ये इको-आर-वनची एकच जागा आहे, एका टोकापासून २०० वर. समजा ॲम्पिसिलिनवर २०० वसाहती आल्या, आणि ठशात त्यांतल्या १७० टेट्रासायक्लिनवरही वाढल्या. त्या १७० म्हणजे रिकाम्या कड्यांच्या. राहिल्या ३०.

या ३० सुद्धा सगळ्या खऱ्या नसतात. एन्झाइममध्ये भेसळ असेल आणि टोक कुरतडले गेले असेल, तर कडे तुकड्याविना बंद होऊनही टेट्रासायक्लिनचे जनुक मोडते. म्हणून पुन्हा जेल. प्लाझ्मिड काढून बॅम-एच-वनने कापायचे. खऱ्या वसाहतीत ४३६१ आणि १००० असे दोन पट्टे येतील. एकच पट्टा आला, किंवा प्लाझ्मिड कापलेच गेले नाही, तर ती सोडून द्यायची.

आणखी एक पेच राहतो. जनुकाची दोन्ही टोके सारखीच असल्याने ते सुलटे बसेल तसे उलटेही बसेल, आणि बॅम-एच-वनच्या पट्ट्यांत दोन्ही सारखेच दिसतील. जीवाणूकडून त्या जनुकाचे प्रथिन करून घ्यायचे असेल तर दिशा कळलीच पाहिजे. पीबीआर-३२२ मध्ये इको-आर-वनची एकच जागा आहे, बॅम-एच-वनच्या जागेपासून सुमारे ३७५ जोड्यांवर. दुसरी जागा आपल्या जनुकात. एकूण लांबी ५३६१. जनुक एका दिशेने बसले तर दोन जागांमधले अंतर ३७५ अधिक २००, म्हणजे ५७५, आणि उरलेला तुकडा ४७८६. उलट बसले तर ३७५ अधिक ८००, म्हणजे ११७५, आणि उरलेला ४१८६. जेलवर ५७५ चा पट्टा दिसतो की ११७५ चा, एवढेच पाहायचे. फळ्यावरची ही बेरीज शिक्षकांनीच केली. आम्ही खडू धरून उभे होतो.

रिकामी कडी मुळातच कमी करायची असतील तर मघाचा फॉस्फेट आठवावा. कापलेल्या प्लाझ्मिडच्या टोकांवरचे फॉस्फेट दुसऱ्या एका एन्झाइमने, फॉस्फॅटेजने, काढून टाकले की त्याची टोके आपसात सांधता येत नाहीत. परक्या तुकड्याकडे मात्र स्वतःचे फॉस्फेट असतात, त्यामुळे तो जोडता येतो. प्रत्येक टोकाला एका धाग्यात राहिलेली फट जीवाणू आत भरून घेतो.

प्रयोग फसतो तेव्हा तो कुठे फसला हे कळावे म्हणून आणखी काही ताटल्या बाजूला ठेवाव्या लागतात. डीएनए न दिलेले जीवाणू ॲम्पिसिलिनवर वाढले, तर औषध बाद झालेले आहे. खाद्य फार गरम असताना ॲम्पिसिलिन घातले की असे होते. न कापलेले प्लाझ्मिड देऊनही काही उगवले नाही, तर जीवाणूच नीट तयार झाले नव्हते, लायगेजला दोष देऊ नये. कापलेले पण न जोडलेले प्लाझ्मिड देऊन भरमसाट वसाहती आल्या, तर कापणे अर्धवट राहिले होते. आमच्या विद्यार्थिदशेत एकदा ताटल्या दोन दिवस उबवणीपेटीत राहिल्या. प्रत्येक मोठ्या वसाहतीभोवती बारीक वसाहतींचा कोंडाळा दिसला, आणि आम्ही आनंदाने त्या बारीक वसाहती उचलल्या. त्यांच्यात प्लाझ्मिड नव्हतेच. ॲम्पिसिलिनचे जनुक असलेला जीवाणू जे एन्झाइम बनवतो ते बाहेर झिरपते आणि आसपासचे औषध नष्ट करते. त्या मोकळ्या जागेत फुकटे उगवतात. रात्रभर, सोळा ते अठरा तास, एवढेच उबवावे.

शेवटी त्या बाईंनी आणखी एक प्रश्न विचारला होता. "या ताटलीतले औषधाला न जुमानणारे जनुक शेतात येते का?" येऊ शकते, आणि आपल्याच राज्यात आले आहे. जालन्याच्या महिको कंपनीच्या बीटी कापसाला २००२ मध्ये मंजुरी मिळाली. त्यात कीटकनाशक प्रथिनाच्या जनुकाबरोबर आणखी दोन जनुके होती. एक कानामायसिनला तोंड देणारे. वनस्पतीच्या हजारो पेशींतून जनुक शिरलेली पेशी निवडायला ते घातले होते. दुसरे स्ट्रेप्टोमायसिन आणि स्पेक्टिनोमायसिन यांना तोंड देणारे. ते कापसासाठी नव्हतेच. प्लाझ्मिड जीवाणूत वाढवताना, म्हणजे आपण वर पाहिलेल्या पायरीवर, ते निवडीसाठी होते. त्याचे नियंत्रण करणारा भाग जीवाणूचा असल्याने कापसाच्या झाडात ते मुके राहते. ताटलीवरची खूण काम संपल्यावरही प्लाझ्मिडबरोबर पुढे गेली आणि बियाण्यात राहिली. या खुणा नंतर काढून टाकता येतील अशा रीती आज उपलब्ध आहेत.

बाईंनी ते वहीत लिहून घेतले आणि विचारले, "म्हणजे कापसात औषध नाही, औषधाला न जुमानण्याचा गुण आहे, आणि त्यातलाही एक झोपलेला. असेच ना?" आम्ही होय म्हटले. मग त्यांनी आमच्या लाल कड्यावर पेनने एक छोटी खूण केली, निळ्या तुकड्यावर दुसरी, आणि कडे उलटे करून टेबलावर ठेवले, म्हणजे रंग दिसू नयेत. "आता मुलांना सांगते, ओळखा," त्या म्हणाल्या.